गेसिर का थांबतो आणि पुन्हा का उसळतो : आइसलँडमधील एका गायझरचे प्रकरण

आइसलँडच्या नैऋत्य भागातील हौकादालूर खोऱ्यात, लाउगारफेल नावाच्या लहानशा टेकडीच्या पूर्व पायथ्याशी, गरम पाण्याचे अनेक झरे एकमेकांना लागून आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या कुंडाला गेसिर म्हणतात आणि जगभरातील उसळत्या गरम झऱ्यांना मिळालेले गायझर हे नाव त्याच्यावरूनच आले आहे. या गेसिरचे वागणे मात्र मुळीच नियमित नाही. 1896 च्या भूकंपाआधी तो जवळजवळ निद्रिस्त होता; त्या भूकंपानंतर तो दिवसातून अनेकदा उसळू लागला. 1910 च्या सुमारास दर अर्ध्या तासाला उद्रेक होत असत, पाचेक वर्षांत दोन उद्रेकांतील अंतर सहा तासांपर्यंत वाढले आणि 1916 च्या सुमारास तो थांबला. पुढे 1935 मध्ये त्याच्या काठातून एक चर खोदून पाण्याची पातळी खाली आणली गेली आणि तो पुन्हा उसळू लागला.

या साऱ्या काळात जमिनीखालची उष्णता गेली नव्हती. पाणीही आटले नव्हते. कुंड काठोकाठ भरलेले होते आणि त्यातून वाफ निघतच होती. तरीही उद्रेक थांबले, आणि एका उथळ चराने ते परत आले. गायझर कशाने उसळतो हे नीट समजून घ्यायचे असेल तर तो उसळत असतानाच्या छायाचित्रांपेक्षा हे थांबणे आणि सुरू होणे अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. कारण कोणती गोष्ट थोडीशी बदलली की सगळे चित्र पालटते, ते त्यातून दिसते.

कुंड, नळी आणि दाब

गेसिरची रचना वरून पाहता साधी आहे. सिलिकाच्या करड्या-पांढऱ्या थरांनी बनलेल्या एका बुटक्या उंचवट्याच्या माथ्यावर पंधरा मीटरांहून अधिक व्यासाचे उथळ, बशीसारखे कुंड आहे. त्याच्या मधोमध सुमारे तीन मीटर रुंदीची उभी नळी वीस मीटरांहून थोडी अधिक खोल जाते आणि तिच्या तळाशी व बाजूंनी खडकातल्या भेगांमधून गरम पाणी आत येते. हे पाणी मुळात पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचेच असते. ते भेगांवाटे खोल मुरते, तेथील तप्त खडकांच्या संपर्कात त्याचे तापमान दोनशे अंश सेल्सियसच्याही वर जाते आणि हलके झाल्यामुळे ते पुन्हा वर येऊ लागते.

दोनशे अंशांचे पाणी द्रवच राहते, कारण त्याच्यावर दाब असतो. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळते; परंतु त्याच्यावर पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ उभा असेल तर दाब जवळपास दुप्पट होतो आणि उकळण्यासाठी सुमारे 120 अंश लागतात. गेसिरच्या नळीच्या तळाशी, बावीसेक मीटर खोलीवर, हाच उत्कलनबिंदू सुमारे 136 अंश असतो. म्हणजे नळीतल्या प्रत्येक खोलीला तिचा स्वतःचा उत्कलनबिंदू आहे आणि जसजसे वर यावे तसतसा तो घटत जातो. नळीतले पाणी त्या त्या खोलीच्या मर्यादेखाली असेल तोवर ते स्थिर राहते.

बुन्सनचे मोजमाप

हेक्ला ज्वालामुखीच्या 1845 च्या उद्रेकानंतर, 1846 मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सन आइसलँडला गेला. प्रयोगशाळेतल्या बर्नरमुळे ज्याचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते तोच हा बुन्सन. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ देक्लोआझो याच्यासह त्याने गेसिरच्या नळीत दोरीने तापमापक सोडले आणि उद्रेकाच्या आधी वेगवेगळ्या खोलींवर पाणी किती तापलेले आहे ते मोजले. दोन उद्रेकांच्या मधल्या वेळात उकळत्या कुंडाच्या काठावर उभे राहून केलेले हे काम होते आणि उद्रेक केव्हा होईल याची खात्री नव्हती, हे लक्षात घेतले तर त्या आकड्यांचे मोल कळते.

मोजमापातून निघालेली गोष्ट अनपेक्षित होती. उद्रेकाच्या थोडे आधीसुद्धा नळीतल्या कोणत्याही खोलीवरचे पाणी तिथल्या उत्कलनबिंदूला पोहोचलेले नव्हते. तळाशी पाणी सर्वांत गरम होते, सुमारे 127 अंश. पण तिथली मर्यादा 136 अंशांची असल्यामुळे ते उकळण्यापासून नऊ अंश दूर होते. उकळण्याच्या सर्वांत जवळ आलेले पाणी तळाशी नव्हतेच, ते नळीच्या मधल्या भागात होते. तळापासून सुमारे नऊ मीटर उंचीवर तापमान 121.8 अंश भरले आणि तिथला उत्कलनबिंदू 123.8 अंश होता. तूट अवघी दोन अंशांची.

आता हेच पाणी कोणत्याही कारणाने साधारण दोन मीटर वर उचलले गेले असे समजू. पाण्याचे तापमान तेवढेच, 121.8 अंश राहील. परंतु नव्या जागी त्याच्यावरचा स्तंभ दोन मीटरने कमी झालेला असल्याने तिथला उत्कलनबिंदू 120.8 अंशांवर आलेला असेल. जे पाणी खाली असताना उकळण्यास दोन अंश कमी पडत होते तेच पाणी, कणभरही उष्णता न देता, उकळण्याच्या मर्यादेपेक्षा एक अंश पुढे गेले. बुन्सनच्या उपपत्तीचा गाभा एवढाच आहे आणि आजही तो टिकून आहे. उद्रेक होण्यासाठी पाणी तापावे लागते हे खरे, पण उद्रेकाचा क्षण दाब उतरण्याने ठरतो.

एक अंश म्हणजे किती, हे हिशेबाने पाहणे योग्य ठरेल, कारण ऐकायला हा फरक नगण्य वाटतो. एक किलो पाणी एका अंशाने अतितप्त असेल तर त्या जादा उष्णतेतून सुमारे दोन ग्रॅम पाण्याची वाफ होते. परंतु दोन वातावरणांच्या दाबाखाली या दोन ग्रॅम वाफेला दीड लिटरहून अधिक जागा लागते, म्हणजे मूळच्या एक लिटर पाण्यापेक्षाही जास्त. ही वाफ वरचे पाणी ढकलते, ते कुंडातून बाहेर सांडते, स्तंभ आणखी हलका होतो, दाब आणखी उतरतो आणि आता खालच्या थराचे पाणीही मर्यादा ओलांडते. ही साखळी एकदा चालू झाली की ती वरून खाली नळीच्या तळापर्यंत धावत जाते. 122 अंशांचे एक लिटर पाणी थेट मोकळ्या हवेच्या दाबाला आले तर त्याचा सुमारे पंचविसावा भाग वाफ होतो आणि ती वाफ सत्तर लिटरांच्या आसपास जागा व्यापते. साठ मीटर उंच उडणाऱ्या स्तंभामागचे बळ हेच. त्यासाठी खाली कोणता स्फोट व्हावा लागत नाही.

पहिला धक्का कुठून येतो

मधले पाणी मुळात दोन मीटर वर उचलते कोण, हा प्रश्न उरतोच. गेसिरच्या काठावर असलेल्या माणसाला याचे उत्तर उद्रेकाच्या बरेच आधी पायांखाली जाणवते. जमिनीतून दबके ठोके येतात, कुंडातील पाणी मधोमध घुमटासारखे फुगते, काठावरून थोडेसे सांडते आणि पुन्हा खाली बसते. खोल भेगांमधून येणारी वाफ नळीतल्या तुलनेने थंड पाण्यात शिरते आणि तिथे एकाएकी विरून जाते. बुडबुडा मिटताना आजूबाजूचे पाणी त्या पोकळीत आदळते आणि त्याचा ठोका ऐकू येतो. असा प्रत्येक मिटलेला बुडबुडा आपली उष्णता पाण्याला देऊन जातो, त्यामुळे हे फसलेले उद्रेक वाया जात नाहीत. मधले पाणी तापत तापत मर्यादेच्या एक-दोन अंश जवळ आले की पुढचा फुगवटा मिटत नाही आणि खरा उद्रेक सुरू होतो.

आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल याने ही उपपत्ती प्रयोगात उतरवून दाखवली. सुमारे सहा फूट लांबीची लोखंडी नळी, वर एक पसरट पात्र, नळीखाली आच आणि तळापासून दोन फूट उंचीवर नळीभोवती दुसरी आच, एवढीच मांडणी होती. साधारण दर पाच मिनिटांनी नळीतून पाणी उसळत असे. बाहेर पडलेले पाणी पात्रात गार होऊन पुन्हा नळीत उतरे आणि चक्र नव्याने सुरू होई. मधल्या उंचीवरील दुसरी आच या रचनेत महत्त्वाची होती, कारण गेसिरमध्येही नळीच्या मधल्या भागालाच सर्वाधिक महत्त्व असल्याचे मोजमाप सांगत होते.

बुन्सनच्या आधी वेगळे स्पष्टीकरण प्रचलित होते. 1810 मध्ये आइसलँडला गेलेला स्कॉटिश प्रवासी सर जॉर्ज मॅकेन्झी याचे म्हणणे असे की, नळीच्या बाजूला जमिनीखाली एक पोकळी असावी, तिच्या छताखाली वाफ कोंडली जावी आणि पुरेसा दाब साठला की त्या वाफेने पाणी बाहेर लोटावे. बुन्सनने अशा पोकळीवाचूनही उद्रेक समजावता येतो हे दाखवल्यावर ही कल्पना दीर्घकाळ मागे पडली. परंतु ती पूर्णपणे चुकीची नव्हती. रशियातील कामचाटका द्वीपकल्पावरील गायझरांच्या नळ्यांत उष्णतारोधक कॅमेरे सोडून केलेल्या निरीक्षणांत, जी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, नळीच्या बाजूला पोकळ्या असल्याचे आणि त्यांतून वाफेचे बुडबुडे टप्प्याटप्प्याने नळीत सुटत असल्याचे दिसले. गेसिरपासून काही पावलांवर असलेल्या स्ट्रोक्कूर या गायझराच्या भूकंपमापकांवरील नोंदींवरूनही, वीस-पंचवीस मीटर खोलीवर, तोंडाच्या पश्चिमेला, बुडबुडे साठण्याची जागा असल्याचा निष्कर्ष निघाला. माझ्या मते या दोन उपपत्तींत विरोध मानण्याचे कारण नाही. पोकळी पहिला धक्का कसा आणि किती अंतराने मिळतो ते सांगते. त्या धक्क्यानंतर अख्खी नळी का रिकामी होते ते बुन्सनचा हिशेब सांगतो.

शेजारचा झरा का उसळत नाही

त्याच खोऱ्यात ब्लेसी नावाची दोन जोडकुंडे आहेत. एकातले पाणी अतिशय गरम आणि स्वच्छ असते. ते दुसऱ्यात वाहते तेव्हा बरेच निवलेले असते आणि त्यात तरंगणाऱ्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांमुळे दुधाळ निळे दिसते. दोन्ही कुंडे शांत आहेत. उष्णतेचा स्रोत तोच आणि पाणीही त्याच जातीचे, तरी एक झरा केवळ वाहतो आणि दुसरा उसळतो. फरक नळीच्या आकारात आणि बाहेर पडण्याच्या वाटेत असतो. नळी पुरेशी मोकळी असेल तर तळाचे गरम पाणी सतत वर येते, वरचे गार पाणी खाली जाते आणि उष्णता साठण्याआधीच पृष्ठभागावरून निघून जाते. नळी अरुंद, वाकडी किंवा मध्येच आवळलेली असली की हे मिसळणे अडते आणि वरच्या गार पाण्याच्या झाकणाखाली मर्यादेजवळचे पाणी कोंडून राहते. म्हणूनच गरम झऱ्यांच्या मानाने गायझर जगात फार थोडे आहेत.

नळीच्या भिंती दाब सहन करण्याइतक्या घट्ट असणे हीही एक अट आहे आणि ती सिलिका पूर्ण करते. खोलवरच्या तप्त पाण्यात खडकातील सिलिका मोठ्या प्रमाणात विरघळते. पाणी वर येऊन निवले आणि बाष्पीभवन झाले की ती थराथराने बसते. या थरांना सिंटर म्हणतात. ते भेगा बुजवतात, नळीला अस्तर लावतात आणि कुंडाचा काठ उंच करत नेतात.

थांबण्याचे कारण

काठ उंच होत जाण्यातच 1916 च्या थांबण्याचे स्पष्टीकरण सापडते. काठ उंचावला की पाण्याची पातळी उंचावते. पातळी एक मीटरने वाढली तर नळीच्या मधल्या भागातील उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर सरकतो. बुन्सनच्या वेळी जी तूट दोन अंशांची होती ती साडेतीन अंशांची होते.

एखाद्याने यावर असे म्हणावे की, तूट वाढली तर गायझराने थोडे अधिक थांबावे आणि मग उसळावे. कायमचे बंद पडण्याचे कारण काय? आक्षेप रास्त आहे आणि सुरुवातीला घडलेही तसेच, अर्ध्या तासाचे अंतर सहा तासांवर गेले. परंतु नळी एकीकडे खालून उष्णता घेत असताना दुसरीकडे वरून गमावत असते. पंधरा मीटर व्यासाच्या कुंडाचा पृष्ठभाग पावणेदोनशे चौरस मीटरांच्या घरात जातो आणि ऐंशी-पंचाऐंशी अंशांचे पाणी एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून सतत वाफाळत असते, त्यातही आइसलँडच्या थंड वाऱ्यात. पाणी जितके अधिक तापते तितकी ही गळतीही वाढते. खालून येणारी आणि वरून जाणारी उष्णता जिथे सारखी होते त्या तापमानाला नळी स्थिरावते. ते तापमान मर्यादेच्या वर असेल तर गायझर कधी ना कधी उसळतो. मर्यादेच्या एक अंश जरी खाली राहिले तरी कितीही वाट पाहिली तरी तो उसळत नाही. तेव्हा त्याचे केवळ काठोकाठ भरलेले, वाफाळणारे कुंड होते.

1935 च्या चराने या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी परिणाम केला. पातळी खाली आल्याने मर्यादा उतरली. त्याचबरोबर बशीसारख्या कुंडातले पाणी उतरल्याने उघडा पृष्ठभाग लहान झाला आणि गळती घटली. खालच्या उष्णतेला कोणी हात लावला नव्हता, तरी स्थिरावण्याचे तापमान पुन्हा मर्यादेपलीकडे गेले. पुढे चरातही सिलिका साचली आणि तो बुजत गेला तसे उद्रेक दुर्मीळ झाले. 1981 मध्ये चर पुन्हा मोकळा केला तेव्हा विशेष प्रसंगी साबण टाकून उद्रेक घडवता येऊ लागले. एकच उपाय दोनदा लागू पडणे आणि मधल्या काळात चर बुजल्यावर परिणाम ओसरणे, हा या स्पष्टीकरणाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मला वाटतो.

साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बुडबुडे सहज तयार होतात आणि फुटण्याऐवजी फेसाच्या रूपात टिकतात. फेसाने भरलेला स्तंभ हलका असतो, त्यामुळे खालचा दाब उतरतो आणि मर्यादेच्या अगदी जवळ असलेले पाणी ती ओलांडते. याचा व्यत्यासही लक्षात ठेवण्याजोगा आहे : साबण टाकूनही गायझर हलला नाही तर पाणी मर्यादेपासून बरेच दूर आहे, असे समजण्यास हरकत नाही. पर्यावरणाच्या चिंतेमुळे 1990 च्या दशकात ही पद्धत क्वचितच वापरली गेली, आणि ते योग्यच झाले. नळीत काहीही टाकण्याने तिच्या अरुंद वाटांना धोका असतो; दगड टाकले तर तो अधिकच, कारण त्यांवर सिलिका चढून ते नळीला कायमचे चिकटू शकतात.

भूकंपाचा हात

चर आणि साबण मर्यादेशी खेळतात. भूकंप उष्णतेचा पुरवठाच बदलतो. हौकादालूरमधील झरे भूकंपाने बदलल्याची नोंद 1294 इतकी जुनी आहे. हादऱ्याने खडकांतील भेगा उघडतात किंवा मिटतात, सिलिकेने बुजलेल्या वाटा मोकळ्या होतात आणि खालून येणाऱ्या तप्त पाण्याचे प्रमाण बदलते. मात्र हा बदल कोणत्या बाजूला होईल हे आधी सांगता येत नाही. स्ट्रोक्कूर 1789 च्या भूकंपानंतर उसळू लागला होता; ज्या 1896 च्या भूकंपाने गेसिरला जाग आणली त्यानेच स्ट्रोक्कूरची नळी बंद केली. 1963 मध्ये स्थानिक लोकांनी त्याची नळी साफ केल्यावर तो पुन्हा सुरू झाला आणि तेव्हापासून दर काही मिनिटांनी, साधारण पंधरा ते वीस मीटर उंच, उसळतो आहे. आज हौकादालूरला जाणारे प्रवासी गेसिर म्हणून ज्याची छायाचित्रे काढतात तो बहुतेक वेळा हाच असतो.

जून 2000 मध्ये दक्षिण आइसलँडला सुमारे 6.5 तीव्रतेचे दोन भूकंप चार दिवसांच्या अंतराने झाले आणि गेसिर पुन्हा उसळू लागला. सुरुवातीला दिवसातून आठ वेळा होणारे उद्रेक 2003 पर्यंत तीनवर आले आणि नंतर आणखी विरळ झाले. 1896 नंतर दिसलेलाच उतार इथेही आहे, फक्त अधिक वेगाने उतरलेला. दोन्ही वेळी अंतरे हळूहळू वाढत गेली, एका दिवसात सारे थांबले नाही. म्हणजे वाट अचानक बंद होण्यापेक्षा पुरवठा कमी होत जाणे आणि काठावर सिलिका बसत जाणे हेच कारण अधिक संभवते. नळी एकाएकी तुंबली असती तर स्ट्रोक्कूरसारखे उद्रेक एका फटक्यात बंद पडले असते. या दोन शक्यतांतला निर्णय करायचा असेल तर बुन्सनचीच पद्धत पुरेशी आहे : नळीत वेगवेगळ्या खोलींवर तापमापक सोडायचे आणि मधल्या भागातील तूट किती आहे ते पाहायचे. ती दोन-तीन अंशांचीच असेल तर चर साफ करणे पुरेल. ती दहा-पंधरा अंशांची असेल तर पुढच्या मोठ्या भूकंपाखेरीज दुसरा उपाय नाही, आणि तो भूकंपही गेसिरच्या बाजूनेच कौल देईल असे नाही.